रुजू होण्याआधीचा एक मेल

आयटी कंपनीत ऑफर लेटर हातात पडलं तरी प्रत्यक्ष रुजू व्हायला बरेचदा 60 ते 90 दिवस लागतात, कारण जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड तेवढा असतो. उमेदवार या काळात निर्धास्त असतो. नव्या मॅनेजरचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो. निवडलेला माणूस मधल्या काळात तिसऱ्याच कंपनीची ऑफर घेतो, किंवा जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवून ठेवते, आणि ठरलेल्या दिवशी खुर्ची रिकामीच राहते. असा अनुभव गाठीशी नसलेला मॅनेजर विरळा.

त्यामुळे रुजू होण्याआधी नव्या मॅनेजरला मेल पाठवायचा असेल, तर त्यात आधी काय हवं हे ठरवणं सोपं आहे. ‘मी ठरलेल्या तारखेला येते आहे, जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस नक्की झाला आहे’ हे वाक्य सगळ्यात वर. स्वतःची ओळख त्यानंतर.

एक नमुना घेऊ. नाशिकच्या एका कंपनीत 6 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली एक तरुणी पुण्यात खराडीच्या कंपनीत जाणार आहे. नवी कंपनी दुकानदारांना यूपीआयने पैसे घेण्याची सोय पुरवते. रुजू व्हायची तारीख सोमवार, 6 जुलै. मेल लिहायला बरा दिवस म्हणजे त्याआधीचे दहा-बारा दिवस, समजा गुरुवार, 25 जून. महिनाभर आधी लिहिलं तर मॅनेजर वाचून बाजूला ठेवतो आणि विसरतो. आदल्या शुक्रवारी लिहिलं तर तयारीला वेळच उरत नाही.

मॅनेजरचा पत्ता अंदाजाने जुळवू नये, एचआरकडून मागून घ्यावा. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरून जावा. जुन्या कंपनीच्या खात्यावरून तर मुळीच नको. बाहेरचा मेल कधी कधी स्पॅममध्ये जातो, म्हणून एचआरलाही प्रत ठेवावी आणि विषयाच्या ओळीतच नाव, पद आणि तारीख द्यावी. मेल बहुधा इंग्रजीत जाईल. त्याचा आशय साधारण असा:

‘मी 6 जुलैला तुमच्या टीममध्ये सीनियर टेस्ट इंजिनीअर म्हणून रुजू होते आहे. जुन्या कंपनीतला माझा शेवटचा दिवस 30 जून हा ठरला आहे. गेली 6 वर्षं मी विमा क्षेत्रातल्या अ‍ॅप्लिकेशन्सचं टेस्टिंग केलं. ऑटोमेशन सेलेनियम आणि जावामध्ये. पेमेंटचं क्षेत्र मला नवीन आहे. इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही सांगितलं होतं की टीम प्लेराइटकडे वळते आहे. मधल्या आठवड्यात मी रोज तासभर देऊ शकते. तो वेळ प्लेराइट शिकण्यात घालवू, की यूपीआयचे व्यवहार कसे चालतात हे समजून घेण्यात? त्यासाठी सर्वांना खुलं असलेलं काही वाचायला सुचवाल का?’

मेल एवढाच. यात दोनच प्रश्न आहेत आणि मॅनेजर मोबाइलवर दोन ओळींत उत्तर देऊ शकतो. उलट ‘काही तयारी करायची असल्यास कळवा’ असं मोघम विचारलं, की ‘काही नको, आराम करा, सोमवारी भेटू’ असं मोघमच उत्तर येतं. विचार करायचं काम मॅनेजरवर टाकलं, तर तो ते टाळणारच. दोन पर्याय पुढे ठेवले की त्याला एकावर बोट ठेवणं सोपं जातं.

आता उत्तर काय येऊ शकतं ते पाहा. तरुणीच्या मनात साहजिकच प्लेराइट असणार, कारण आपल्याला काय येत नाही ते ऑटोमेशनवाल्याला आधी टूलमध्ये दिसतं. मॅनेजर मात्र लिहू शकतो: ‘प्लेराइट आल्यावर शिकाल, टीममध्ये शिकवणारे आहेत. अडकलेल्या व्यवहाराचं काय होतं ते वाचून या. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक बघा.’

हे परिपत्रक सर्वांना वाचता येतं. यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवले, खात्यातून वजा झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खातरजमा त्याच्यापर्यंत पोचली नाही, तर ही मुदत व्यवहारानंतर 5 दिवसांची. मुदत उलटली की दर दिवसाला 100 रुपये भरपाई. टेस्टिंग करणाऱ्याच्या दृष्टीने हा नुसता नियम नाही, यातूनच टेस्ट केस निघतात: पैसे गेले आणि उत्तर आलं नाही तर? रिफंड दोनदा निघाला तर? परतफेड मुदतीच्या शेवटच्या दिवशी झाली तर? तासाभराच्या वाचनाने पहिल्या आठवड्यातल्या मीटिंगा कळू लागतात. तो वेळ कुठे घालवायचा, हे मात्र आतल्या माणसालाच माहीत होतं.

काही गोष्टी या मेलमध्ये नकोत. रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, पीएफचा यूएएन नंबर, लॅपटॉप कधी मिळणार, हे सगळं एचआरचं खातं. पहिल्याच महिन्यात घरात लग्न असेल आणि सुटी लागणार असेल, तर ती ऑफर स्वीकारतानाच एचआरशी बोलून ठेवावी. तयारीच्या मेलच्या शेपटीला जोडली की ती सुटीसाठीच लिहिलेली प्रस्तावना वाटते.

उत्साहाच्या भरात दोन चुका हमखास होतात. पहिली, कोड किंवा आतली कागदपत्रं आधीच मागणं. रुजू होईपर्यंत उमेदवार कंपनीच्या लेखी बाहेरचाच असतो. मॅनेजरला ती देता येत नाहीत आणि नकार देताना त्याचीच पंचाईत होते. दुसरी चूक अधिक महागात पडते: ‘जुन्या कंपनीत मी बनवलेलं फ्रेमवर्क घेऊन येते’ असं लिहिणं. ते फ्रेमवर्क तिने लिहिलेलं असलं तरी सहसा करारानुसार मालकी जुन्या कंपनीची असते. जाणता मॅनेजर ते वाचून खूश होत नाही. ही उद्या आमचंही असंच बाहेर नेईल, असं त्याच्या मनात येतं.

कधी उलटही घडतं. मॅनेजर उत्तरात एखादी फाइल जोडतो आणि ‘एवढं जरा तपासून ठेवा’ म्हणतो. वाचणं आणि शिकणं ही तयारी. टीमला वापरता येईल असं काही करून देणं हे काम. ते बिनपगारी तर असतंच, शिवाय 30 जूनपर्यंत ती जुन्या कंपनीची नोकर आहे. ‘6 तारखेला आल्यावर पहिलं हेच हातात घेते’ एवढं उत्तर पुरतं.

आणि उत्तर आलंच नाही तर? मॅनेजर सुटीवर असेल, रिलीजच्या धांदलीत असेल. पुन्हा आठवण करू नये. पहिल्या दिवशी किती वाजता, कुणाला भेटायचं एवढं एचआरला विचारावं आणि मधला वेळ नोकरीच्या जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनावरून ठरवावा. सरकारी बँकेत तर हा प्रश्न बरेचदा उद्भवतच नाही: तिथे नेमणुकीची शाखाच उशिरा कळते, त्यामुळे कुणाला लिहायचं हेच तोवर ठाऊक नसतं.