'बाळूदादा'चे पैसे बाळूदादालाच कसे मिळतात?

लातूरला नोकरी करणाऱ्या महेशला दुपारी मावसभावाचा निरोप आला. मावशी पुण्यात रुग्णालयात दाखल आहे, स्कॅनसाठी साडेसहा हजार रुपये लगेच हवेत. महेशने मोबाइलवरचे पैसे पाठवायचे ॲप उघडले, शोधायच्या चौकटीत 'बाळूदादा' लिहिले, आकडा टाकला, पिन दिला. सगळे वीस सेकंदांत झाले. अर्ध्या तासाने बाळूदादाचा फोन आला, 'पैसे पाठवलेस का?' महेशच्या ॲपवर हिरवी खूण होती, खात्यातून रक्कम गेली होती. बाळूदादाच्या खात्यात मात्र काहीच जमा नव्हते.

महेश आणि बाळूदादा ही काल्पनिक पात्रे आहेत, पण असा प्रसंग कोणाच्याही घरी घडू शकतो. यात यंत्रणा बिघडलेली नसते. तिला जे विचारले त्याचे उत्तर तिने बरोबर दिलेले असते. फक्त आपण काय विचारले हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून नावापासून खात्यापर्यंतचा प्रवास एकदा समजून घ्यायला हवा.

नाव फक्त आपल्या फोनपुरते

पहिली गोष्ट म्हणजे 'बाळूदादा' हे नाव बँकेपर्यंत जातच नाही. ते महेशच्या फोनमधल्या संपर्कांच्या यादीत आहे, आणि कधीतरी त्यानेच टाईप केलेले आहे. ॲप त्या यादीत बघते आणि नावासमोरचा मोबाइल क्रमांक उचलते. क्रमांकाआधीचे +91 किंवा शून्य, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकते आणि उरलेले दहा अंक पुढे पाठवते. इथून पुढे सगळा शोध त्या दहा अंकांचा. नावासमोर जुना क्रमांक असेल, तर चूक या पहिल्याच पायरीवर झालेली असते.

आता प्रश्न असा की दहा अंकांवरून खाते कसे सापडते? नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने 2016 साली यूपीआय ही यंत्रणा सुरू केली. तिच्या आधीच्या आयएमपीएस या सोयीत मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवायचे तर समोरच्याकडून सात अंकी एमएमआयडी क्रमांकही मागून घ्यावा लागे. यूपीआयने खाते क्रमांकाच्या जागी एक पत्ता आणला. त्यालाच आपण यूपीआय आयडी म्हणतो. त्यात @ या चिन्हाच्या आधी व्यक्तीची खूण असते आणि नंतर तो पत्ता कोणाकडे नोंदला आहे याची, म्हणजे `@oksbi`, `@ybl` किंवा `@upi` अशी. टपालाच्या पाकिटावर गावाचे नाव असते तसेच हे. पत्र आधी गावाच्या टपाल कार्यालयात जाते. गल्ली आणि घर तिथल्या पोस्टमनला ठाऊक असते.

पण महेशने पत्ता दिलेला नाही, फक्त क्रमांक दिला आहे. त्यासाठी कॉर्पोरेशनकडे एक मध्यवर्ती जोडयादी आहे. कोणत्या मोबाइल क्रमांकासाठी कोणता यूपीआय आयडी धरायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. एका क्रमांकापुढे एका वेळी एकच आयडी असतो. बाळूदादाने दोन ॲप घेतली असतील आणि दोन बँकांची खाती जोडली असतील, तरी यादी एकच उत्तर देते. आपला क्रमांक एका ॲपकडून दुसऱ्या ॲपकडे वळवायचा तर वापरकर्त्याची स्पष्ट संमती घ्यावी, आणि ती पैसे पाठवायच्या घाईत किंवा मध्येच मागू नये, असा नियम 2025 साली झाला. त्याआधी न वाचता 'ठीक आहे' दाबले गेले, की पैसे भलत्याच खात्यात जमा होऊ लागल्याचे नंतर लक्षात येई.

पैसे निघण्याआधीचा एक प्रश्न

पत्ता मिळाला की पैसे लगेच निघत नाहीत. आधी एक चौकशी होते. महेशच्या ॲपमागची बँक मध्यवर्ती यंत्रणेला विचारते, 'हा पत्ता खरा आहे का, आणि कोणाचा आहे?' यंत्रणा @ नंतरची खूण पाहून तो प्रश्न ज्या बँकेकडे तो पत्ता नोंदला आहे तिच्याकडे पाठवते. तिथून उत्तर येते, पत्ता चालू आहे आणि खातेदाराचे नाव अमुक. हेच नाव आपल्या पडद्यावर 'बँकिंग नेम' किंवा तशाच शब्दांखाली दिसते. एवढा सगळा फेरा डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात होतो, म्हणून तो झाला हेही कळत नाही.

महेशने पिन टाकल्यावर दुसरा फेरा सुरू होतो. यंत्रणा बाळूदादाच्या पत्त्यामागचा खाते क्रमांक आणि शाखेचा आयएफएससी संकेतांक त्या बँकेकडून मागून घेते. मग महेशच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते आणि तिकडच्या बँकेला जमा करायला. खाते क्रमांक महेशच्या फोनवर कधीच येत नाही. ही सोय गोपनीयतेसाठी चांगली आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की पाठवणाऱ्याला पडताळायला हातात फक्त एक गोष्ट उरते, ती म्हणजे पडद्यावरचे ते नाव.

रक्त चढवताना परिचारिका पिशवीवरचा क्रमांक आणि रुग्णाच्या कागदावरचा क्रमांक जुळवते, शिवाय रुग्णाला स्वतःचे नाव सांगायला लावते. 'तुम्ही पाटील ना?' असे ती विचारत नाही, कारण ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पैसे पाठवताना मात्र बहुतेक जण नेमके उलटे करतात. स्वतः लिहिलेले 'बाळूदादा' हे नाव वाचतात आणि ओळख पटली असे मानतात.

महेशचे काय झाले?

बाळूदादाने दोन वर्षांपूर्वी क्रमांक बदलला होता. जुने सिम रिचार्ज न केल्याने बंद पडले. बंद झालेला क्रमांक दूरसंचार कंपनी किमान 90 दिवस कोणाला देत नाही. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. तसा तो मिळाला. नव्या ग्राहकाने त्यावर ॲप घेतले. ॲप नोंदताना फोनमधून एक एसएमएस आपोआप जातो, म्हणजे ते सिम त्याच फोनमध्ये आहे हे कळते. मग त्या क्रमांकाशी जोडलेले बँक खाते शोधले जाते. नव्या ग्राहकाने बँकेत हा क्रमांक दिला होता, त्यामुळे त्याचे खाते सापडले आणि जोडयादीतही त्याचा आयडी बसला. यंत्रणेच्या दृष्टीने सगळे रास्तच होते. महेशच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात 'बाळूदादा' आणि खाली बारीक अक्षरात एका अनोळखी माणसाचे नाव, असे दोन्ही उमटले असणार. त्याने वरचे वाचले.

उलटही घडू शकते. नव्या ग्राहकाने ॲप घेतलेच नसेल आणि जुनी नोंद पुसली गेली नसेल, तर त्याला पाठवलेले पैसे जुन्या मालकाच्या खात्यात पडतात. हे टाळण्यासाठी दूरसंचार विभाग बंद केलेल्या क्रमांकांची यादी ठेवतो. बँका आणि ॲपनी ती किमान आठवड्यातून एकदा पाहून आपल्या नोंदी दुरुस्त कराव्यात, असे कॉर्पोरेशनने 2025 पासून बंधनकारक केले. वर्षभर ज्या आयडीवरून व्यवहार झालेला नाही, त्यांवर पैसे येणे बंद करण्याची सूचना त्याआधी 2023 मध्ये दिली गेली होती. या चाळण्यांमुळे चुका कमी होतात. पण महेशच्या बाबतीत नवा मालक रीतसर नोंदलेला होता, त्यामुळे कोणतीही चाळणी त्याला अडवणार नव्हती.

2025 मधलाच आणखी एक बदल अधिक उपयोगाचा आहे. पैसे पाठवताना आणि नंतरच्या व्यवहाराच्या यादीत बँकेकडून आलेले नावच दाखवावे. क्यूआर कोडमधले किंवा वापरकर्त्याने ठेवलेले नाव नको, असा नियम 30 जूनपर्यंत पाळायचा होता. क्यूआर कोडच्या आत साधी एक ओळ असते:

```
upi://pay?pa=<यूपीआय आयडी>&pn=<नाव>
```

यातल्या `pa` पुढे खरा पत्ता असतो. `pn` पुढे कोड बनवणारा काहीही लिहू शकतो. म्हणून दुकानाच्या पाटीवरचे नाव कोडमध्ये असले, तरी त्यावर विसंबता येत नाही.

नाव जुळत नसेल तेव्हा

एक अडचण उरतेच. योग्य माणसाचे नावही ओळखीचे दिसेल असे नाही. बाळूदादाचे बँकेतले नाव 'BHALCHANDRA V JADHAV' असेल. सुनेच्या खात्यावर माहेरचे आडनाव असते, दुकानदाराच्या खात्यावर त्याच्या वडिलांचे नाव. म्हणजे नाव वेगळे दिसले की पैसे चुकीकडे चालले असे नाही, आणि ओळखीचे नाव दिसले म्हणजे माणूस तोच असेही नाही, कारण एकाच नावाची अनेक माणसे असतात. बँकेचे नाव फक्त खाते कोणाच्या नावावर आहे ते सांगते. तो आपला माणूस आहे का, हे त्यालाच विचारावे लागते.

यावर उपाय साधा आहे. पहिल्यांदा पैसे पाठवताना, किंवा बऱ्याच महिन्यांनी पाठवताना, समोरच्याला त्याच्या आत्ताच्या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेत नाव काय आहे ते त्याच्याकडून वदवून घ्यावे. आपण वाचून दाखवू नये. मग एक रुपया पाठवून तो मिळाल्याचे त्याच्या तोंडून ऐकावे. रुग्णालयात पैसे हवे असतील तर रुग्णालयाच्या काउंटरवरचा कोड मागवून थेट तिथे भरता येतात. तिथेही पडद्यावर बँकेकडून आलेले नाव रुग्णालयाचे आहे ना, एवढे बघावे.

चूक झालीच, तर हिरवी खूण आलेला व्यवहार बँक एकतर्फी मागे घेत नाही. समोरच्याच्या खात्यातून त्याच्या संमतीशिवाय रक्कम काढता येत नाही. महेशने ॲपमधल्या त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवायची, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवायचा आणि आपल्या बँकेला कळवायचे. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या खातेदाराकडे परतफेडीची मागणी करते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कोणी फसवून पैसे घेतले असतील तर वाट न पाहता 1930 या क्रमांकावर फोन करायचा. तिथे तास मोजून नव्हे, मिनिटे मोजून फरक पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी ती गोठवता येते.

आणि आज सवड काढून एक काम करता येईल. फोनमधली संपर्कांची यादी उघडायची आणि एकाच माणसाचे दोन क्रमांक असतील, तर बंद पडलेला पुसून टाकायचा. ती यादी दुसरे कोणी आपल्यासाठी दुरुस्त करणार नाही.