दोन अर्थिंगच्या मधली केबल

वळवाच्या पावसात मळीच्या टाकीवरचा लेव्हल ट्रान्समीटर जळाला की वीज टाकीवरच पडली असं सगळे धरून चालतात. पण ती शेजारच्या दिव्याच्या खांबावर पडली तरी नुकसान होतं. खांबाच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरला, तर तिथली जमीन क्षणभर दीड लाख व्होल्टवर जाते. अंतराबरोबर हा दाब झपाट्याने उतरतो, तरी टाकीखालची जमीन आणि दीडशे मीटरवरच्या कंट्रोल रूमची जमीन यांत हजारो व्होल्टचा फरक उरतो. या दोन जमिनींना जोडणारी सिग्नल केबल एरवी ४ ते २० मिलिअँपिअर वाहते. सगळा फरक तिच्या दोन टोकांच्या उपकरणांवर येतो.

म्हणून सर्ज अरेस्टर दोन लागतात, एक ट्रान्समीटरला लागून आणि एक पॅनेलमध्ये. एकाच टोकाला बसवला तर दुसरं टोक उघडंच राहतं. अरेस्टरच्या आत वायूची नळी मोठा प्रवाह पेलते, पण पेटायला किंचित उशीर करते. तेवढा वेळ वेगवान डायोड दाब अडवून धरतो.

टाकीवरच्या अरेस्टरची अर्थ वायर टाकीच्या अंगालाच, शक्य तितकी आखूड जोडावी. इलेक्ट्रॉनिक्ससाठी स्वतंत्र, 'स्वच्छ' खड्डा खणायची पद्धत मला घातक वाटते, कारण त्याने आणखी एक वेगळी जमीन तयार होते. लांबीही महागात पडते. ५,००० अँपिअरचा ठोका ८ मायक्रोसेकंदांत चढला, तर एक मीटर सरळ वायरवरच सुमारे ६०० व्होल्ट उभे राहतात आणि तेही ट्रान्समीटरलाच सोसावे लागतात.

आयसोलेटरचं काम वेगळं. दोन अर्थिंगमध्ये एरवीही थोडा फरक असतो. सिग्नल दोन्हीकडे अर्थला टेकला असेल तर त्या फरकामुळे भलताच प्रवाह फिरतो आणि रीडिंग डुलतं. आयसोलेटर ही वाट तोडतो. पण त्याची सहनशक्ती साधारण दीड-दोन हजार व्होल्टची. विजेचा ठोका तो जमिनीत उतरवत नाही, म्हणून पॅनेलमध्ये आधी अरेस्टर, मग आयसोलेटर असा क्रम हवा.

अरेस्टर खराब झाला तरी रीडिंग बंद पडेलच असं नाही. डायोड अर्धवट मेला की दोन तारांमधून गळती सुरू होते. टाकीवरच्या डिस्प्लेवर ४० टक्के, म्हणजे १०.४ मिलिअँपिअर, आणि पॅनेलवर ४५ टक्के दिसले, तर ०.८ मिलिअँपिअर ट्रान्समीटरला वगळून वाहतोय. ट्रान्समीटर कॅलिब्रेशनला पाठवण्याआधी अरेस्टरचा प्लग काढून पाहावा. बऱ्याच मॉडेलमध्ये प्लग काढला तरी सिग्नल तुटत नाही. प्लग काढताच पॅनेलवर ४० आले, तर प्लगच बदलायचा.