दुसऱ्या आवाजाने वाट कधी बदलावी

गोव्यातला मांडो बहुतेक वेळा दोन आवाजांत गायला जातो. एक आवाज चाल घेतो, दुसरा तेच शब्द त्याच लयीत, पण वेगळ्या सुरांवर म्हणतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथे कानात बसलेली ही रीत एकोणिसाव्या शतकात मांडोच्या गाण्यात उतरली. गाणाऱ्यांपैकी अनेकांसमोर कागद नसतो, तरी दुसरा आवाज बरोबर जागी पडतो. तो कसा पडतो हे समजून घ्यायला एक छोटी चाल पुरते.

पेटीवर पांढरी एक सा धरा आणि सगळे स्वर शुद्ध ठेवा. सा पहिला, रे दुसरा, ग तिसरा, म्हणून सा आणि ग यांच्यातल्या अंतराला थर्ड म्हणतात. पट्ट्या मोजल्या तर सा ते ग चार पट्ट्यांचं अंतर भरतं, रे ते म मात्र तीनच. दोन्ही थर्डच. सप्तकाबाहेरचा स्वर न घेता मोजलं की मोठा आणि लहान थर्ड आपोआप आलटून पालटून येतात, आणि या जोडीची गोडी त्यातच आहे. प्रत्येक वेळी मोजून चारच पट्ट्या खाली गेलं, तर दुसरा गायक लगेच भलत्याच सप्तकात शिरतो.

आता ही चाल घ्या:

ग म प – | प म ग – | रे ग म – | ग रे सा –

तिच्या खाली थर्डने गेलं तर दुसरा आवाज असा होतो (तिसऱ्या आणि चौथ्या खंडातले नि आणि ध मंद्रातले):

सा रे ग – | ग रे सा – | नि सा रे – | सा नि ध –

दोघांनी गाऊन पाहा. शेवटच्या स्वरापर्यंत सगळं छान वाटतं. मग वरचा सा वर थांबतो, खालचा मंद्र ध वर, आणि गाणं संपल्यासारखं वाटत नाही. चूक कोणाच्याही गळ्यात नसते. सा आणि त्याखालचा ध एकत्र ऐकले की कान खालच्या स्वराला आधार मानतो आणि ध हाच घरचा स्वर आहे असं धरून चालतो. आनंदी चाल क्षणात उदास होते. गाणारे मात्र 'सूर लागला नाही' म्हणून तोच ध पुन्हा पुन्हा घोटत बसतात.

उपाय एका स्वराचा आहे. शेवटच्या खंडात दुसऱ्याने सा नि ध ऐवजी सा नि सा म्हणायचं. वरचा रे वरून सा वर उतरतो, खालचा मंद्र नि वरून सा वर चढतो आणि दोघे एकाच स्वरावर भेटतात. आतापर्यंत बरोबर चाललेले आवाज इथे उलट दिशांनी येतात, आणि या उलट चालीमुळेच शेवट पक्का वाटतो. युरोपातले जुने रचनाकार वाक्य असंच मिटवत. चाल खालून, म्हणजे नि वरून तार सा वर चढून संपत असेल, तर दुसऱ्याने रे वरून मध्य सा वर उतरावं. तेव्हा रे आणि नि यांच्यातला सिक्स्थ, म्हणजे सहाव्या स्वराचं अंतर, उघडून पूर्ण सप्तकाचा होतो.

सिक्स्थ हा थर्डचाच भाऊ. सा आणि वरचा ग हा थर्ड. तोच ग सप्तकभर खाली नेला, तर मंद्र ग आणि सा यांत सिक्स्थ होतो. म्हणून जिथे खालचा थर्ड अडतो तिथे सिक्स्थ बहुधा सोडवतो. आपल्या चालीत गिटारवाला दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला प चा कॉर्ड वाजवतो असं धरा. त्यात प, नि आणि रे असतात. वरचा प त्यात बसतो, पण खालचा ग कॉर्डमधल्या रे ला घासतो. गाणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, फक्त गिटार बेसूर वाटते. अशा वेळी खालच्याने ग सोडून मंद्र नि घ्यावा, म्हणजे वरच्या प शी त्याचा सिक्स्थ होतो. मग दुसरा खंड नि रे सा असा जातो. थर्डमधून सिक्स्थमध्ये जाताना खालच्याला चार स्वर खाली उडी मारावी लागते, म्हणून ती उडी वरचा गायक त्याच स्वरावर थांबलेला असताना मारावी. इथे वरचा प दोनदा आला आहे, त्यामुळे जागा आयती मिळते. दोघांनी एकाच वेळी उडी घेतली तर ऐकणाऱ्याला चाल हरवल्यासारखी होते.

थर्ड आणि सिक्स्थ समांतर चालतात, मग पंचमाचं अंतर का नाही? वरचा रे आणि सा म्हणत असताना खालच्याने मंद्र प आणि म म्हटले, तर सलग दोन पंचम होतात. तंबोऱ्याच्या तारांत सा आणि प एकमेकांत इतके मिसळतात की त्यांचा एकच नाद होतो. नेमकं तेच इथे घडतं: दोन आवाज विरघळतात आणि दुसरा गायक नाहीसा झाल्यासारखा वाटतो. चौदाव्या शतकापासून युरोपातल्या संगीतशिक्षकांनी सलग पंचम आणि सलग सप्तक टाळायला सांगितलं, ते यासाठी. थर्ड गोड असूनही पूर्ण मिसळत नाही, म्हणून दोघांचे आवाज वेगळे ऐकू येतात. एखादा पंचम मधेच आला तर बिघडत नाही, ओळीने नकोत.

वरून थर्ड घ्यायचा असेल तर शेवटची अडचण येतच नाही. रे सा च्या वर म ग येतात आणि ग सा शी घट्ट बसतो. पण कान सगळ्यात वरच्या आवाजाला चाल समजतो. म्हणून वरच्याने हळू गावं, नाहीतर श्रोते भलतीच चाल गुणगुणत घरी जातील.

बरेचसे मांडो कोमल ग आणि कोमल ध असलेल्या सप्तकात असतात. तिथे रे च्या खाली थर्डने नि येतो, आणि तो कोमल की शुद्ध हे तो पुढे कुठे जाणार यावर ठरतं. दुसरा आवाज पुढे ध कडे उतरणार असेल तर कोमल नि, आणि सा वर चढून शेवट करणार असेल तर शुद्ध नि. शेवटी कोमल नि ठेवला तर सा कडे जाण्याची ओढ निघून जाते. शुद्ध घेऊन खाली उतरलं, तर कोमल ध पर्यंत तीन पट्ट्यांचं अवघड अंतर पडतं आणि सूर हमखास घसरतो.

भूपसारख्या रागातल्या चालीवर थर्ड लावण्याआधी मात्र थांबून विचार करावा. भूपात म आणि नि नाहीत. ग च्या खाली सा आणि प च्या खाली ग मिळतो, पण रे च्या खाली नि यावा लागतो आणि ध च्या खाली म. ते घेतले तर राग मोडतो. वगळून पुढच्या स्वरावर गेलं तर कुठे थर्ड, कुठे चौथ्या स्वराचं अंतर अशी ओढाताण होते. माझ्या मते अशा ठिकाणी दुसऱ्याने चालीच्या मागे धावूच नये. त्याने सा किंवा प धरून ठेवावा, चाल ग वर विसावली की खालून सा ने थर्ड द्यावा आणि ती पुढे निघाली की पुन्हा थांबावं. एक आवाज स्थिर आणि एक फिरता असला की मींडही सुटी राहते. दोघांनी थर्डमध्ये बरोबर मींड घ्यायची तर मधल्या प्रत्येक श्रुतीवर अंतर जुळवावं लागतं, आणि दोन गळ्यांना ते क्वचितच साधतं.