‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच

आयईएलटीएस परीक्षेत लेखनासाठी एक तास मिळतो आणि त्यात दोन उत्तरे लिहायची असतात. पहिले किमान दीडशे शब्दांचे, दुसरे किमान अडीचशे शब्दांचे. दुसऱ्याला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन असते आणि त्यासाठी सुमारे चाळीस मिनिटे ठेवावीत असे परीक्षा घेणारेच सुचवतात. परीक्षक चार बाजूंनी गुण देतो: मुद्द्याला दिलेले उत्तर, मांडणीतला सलगपणा, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले व्याकरणात सहावर अडकलेली असतात. त्यांना कुणीतरी सांगितलेले असते, ‘मिश्र वाक्ये लिहा, सात मिळतील.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

गुणांची जाहीर वर्णने वाचली की उरलेला अर्धा भाग कळतो. पाचच्या पायरीवर म्हटले आहे की उमेदवार मिश्र वाक्ये लिहायचा प्रयत्न करतो, पण ती साध्या वाक्यांइतकी बिनचूक येत नाहीत. सहावर साधी आणि मिश्र अशी दोन्ही वाक्ये असतात, चुकाही असतात, पण अर्थ सहसा अडत नाही. सातला वाक्यरचनांची विविधता हवी आणि शिवाय पूर्ण बिनचूक वाक्ये वारंवार दिसायला हवीत. परीक्षक वाक्ये मोजून टक्केवारी काढत नाही, पण वाचताना त्याला दर दोन ओळींनी ठेच लागते की नाही, हे त्याच्या लक्षात राहते. म्हणून चूक घेऊन आलेले लांबलचक वाक्य दुहेरी नुकसान करते. विविधता दाखवायला गेलेल्या वाक्याची अचूकता जाते, आणि त्यात खर्च झालेली मिनिटे परत मिळत नाहीत.

आता एक वाक्य जवळून पाहू. मागच्या वर्षी एक परिचारिका माझ्याकडे शिकत होती. शहरातल्या वाहतुकीवरच्या निबंधात तिने लिहिले होते: ‘ऑल्दो द गव्हर्नमेंट हॅज बिल्ट मेनी फ्लायओव्हर्स, बट द ट्रॅफिक विच इज इन्क्रीझिंग डे बाय डे, इट हॅज नॉट रिड्यूस्ड.’ मी लाल खूण केली तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मिश्र वाक्य तर आहे ना?” मी तिला तेच मराठीत लिहायला सांगितले. तिने लिहिले, ‘जरी सरकारने पुष्कळ उड्डाणपूल बांधले, तरी जी वाहतूक दिवसेंदिवस वाढते आहे, ती कमी झालेली नाही.’ मराठी वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आणि इंग्रजी वाक्य का बिघडले, याचे उत्तर त्याच मराठी वाक्यात होते.

मराठीत जोडशब्द जोडीने चालतात. जरी आला की तरी येतो, जो आला की तो येतो, जर आला की तर येतो. गौण वाक्य एका शब्दाने उघडायचे आणि मुख्य वाक्याच्या तोंडाशी दुसऱ्याने त्याला धरायचे, ही आपल्या कानाची सवय आहे. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकट्यानेच काम करतो, त्याच्यामागून ‘बट’ आला की वाक्य चुकते. ‘विच’ने सुरू झालेल्या तुकड्यानंतर मुख्य नामाचे क्रियापद थेट येते, मध्ये ‘इट’ लागत नाही. तिने वाक्य दोन भागांत तोडले. ‘ऑल्दो द गव्हर्नमेंट हॅज बिल्ट मेनी फ्लायओव्हर्स, ट्रॅफिक हॅज नॉट डिक्रीज्ड. द ओल्ड रोड्स, विच वेअर बिल्ट फॉर फ्युअर कार्स, आर स्टिल क्राउडेड.’ दोन्ही वाक्ये मिश्र आहेत, दोन्हींच्या रचना वेगळ्या आहेत आणि दोन्ही बिनचूक आहेत. दुसऱ्या वाक्याने मुद्दाही पुढे नेला, कारण उड्डाणपूल झाले तरी जुने रस्ते का तुंबतात, हे त्यात आले.

अशाच आणखी दोन जागा मला जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतात. ‘सरकार बसगाड्या वाढवेल, तर लोक गाड्या घरी ठेवतील’ यात मराठीने दोन्हीकडे भविष्यकाळ चालवून घेतला. म्हणून मुले ‘इफ द गव्हर्नमेंट विल इन्क्रीज बसेस’ असे लिहितात. इथे इंग्रजीत ‘इफ’च्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ द गव्हर्नमेंट रन्स मोअर बसेस, पीपल विल लीव्ह देअर कार्स अ‍ॅट होम.’ दुसरी जागा ‘कारण’ची. मराठीत पूर्णविराम देऊन ‘कारण लोकांना आराम हवा असतो’ असे नवे वाक्य सुरू करता येते, आणि आपण रोज करतो. परीक्षेच्या इंग्रजीत ‘बिकॉज पीपल वॉन्ट कम्फर्ट’ एवढ्यावर पूर्णविराम दिला की तो वाक्याचा तुटलेला तुकडा ठरतो. त्याला आधीच्या वाक्याशी जोडून टाकायचे, बस्स.

या तीन-चार रचना हातात पक्क्या बसल्या की निबंधाला पुरेशी विविधता येते. ‘हॅड द गव्हर्नमेंट’ने सुरू होणारी उलटी वाक्ये किंवा पाठ केलेली भरजरी सुरुवात मी मुलांना लिहू देत नाही. पाठ केलेले वाक्य शेजारच्या वाक्यांपेक्षा इतके वेगळे दिसते की परीक्षकाला ते लगेच ओळखू येते, आणि विषयाला ते क्वचितच बसते. माझा नियम साधा आहे: एका वाक्यात एकच गौण वाक्य. दुसरे सुचले तर पूर्णविराम द्या आणि नव्या वाक्यात लिहा. दोनशे सत्तर शब्दांच्या निबंधात साधारण पंधरा वाक्ये होतात. त्यांतली आठ-नऊ मिश्र असावीत आणि उरलेली साधी, छोटी. छोटे वाक्य कमीपणाचे नसते. परिच्छेदाचा मुख्य मुद्दा मी नेहमी छोट्या वाक्यातच मांडायला सांगते, कारण तिथे चूक परवडत नाही.

चाळीस मिनिटांतली पाच मुद्दे ठरवायला, तीस लिहायला आणि शेवटची पाच तपासायला ठेवा. तपासणी म्हणजे निबंध पुन्हा वाचणे नव्हे. नुसते वाचताना डोळा जे लिहायचे होते तेच वाचतो. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांवर बोट ठेवा आणि प्रत्येकाचा कर्ता शोधा. ‘पीपल हू लिव्ह इन सिटीज नीड्स’मधला जादा ‘एस’ तेव्हाच सापडतो, कारण मध्ये ‘सिटीज’ आल्याने कर्ता दूर गेलेला असतो. दुसऱ्या फेरीत ‘ऑल्दो’, ‘विच’, ‘इफ’, ‘बिकॉज’ एवढेच शोधा आणि त्यांचा मराठी जोडीदार चुकून आला आहे का ते पाहा. वेळ उरलाच तर नामांपुढचे ‘अ’ आणि ‘द’ पाहा. मराठीत ते नसतातच, त्यामुळे चांगली जमलेली मिश्र वाक्येही तिथे एका अक्षराने डागाळतात.

त्या परिचारिकेने दीड महिना रोज दहा मिनिटांत ऐंशी शब्दांचा एक परिच्छेद लिहिला. दुसऱ्या दिवशी ती बिनचूक वाक्यांपुढे टिंब देई आणि चुकलेल्या वाक्याची चूक वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिला कळले की तिच्या निम्म्याहून जास्त चुका दोनच प्रकारच्या आहेत.

तुमची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर नवी रचना शिकायला बसू नका. जुने चार निबंध काढा, त्यांतली ‘ऑल्दो’, ‘विच’, ‘इफ’ आणि ‘बिकॉज’ची वाक्ये वेगळी लिहून काढा आणि तेवढी आधी दुरुस्त करा.