भरपाई की मदत?

हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळताना पाहिलेल्या मुलांना समुद्राची ताकद शिकवावी लागत नाही. वर्गात हवामान परिषद भरवायची, तर शिकवायचं ते देशांमधलं भांडण. चार गट करा. मतदान नाही, खऱ्या परिषदेतही सर्वांची सहमती लागते.

मालदीव : आमची बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही. तापमानवाढ दीड अंशावर रोखा.

नायजर : आमचा धूर नगण्य, पण पाऊस चुकला की गुरं मरतात. विहिरींना पैसा आत्ता हवा.

बांगलादेश : भातशेतात खारं पाणी शिरलं. झालेल्या नुकसानीची भरपाई द्या.

श्रीमंत देश : मदत देऊ. ‘भरपाई’ लिहिलंत, तर सहमती नाही.

इथे घाई करू नका, मुलांना अडू द्या. खरे देशही याच शब्दावर अडले होते. २०१५ च्या पॅरिस कराराबरोबरच्या ठरावात, नुकसानीचं कलम भरपाईचा आधार ठरणार नाही, असं स्पष्ट लिहून घेतलं गेलं. २०२२ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला नुकसानीसाठी निधी मान्य झाला, पण ‘भरपाई’ हा शब्द टाळूनच. (नायजरऐवजी सौदी अरेबिया घेतलात, तर वाळवंटाची बाजूच पालटते, तिथली कमाई तेलाची.)

शेवटी बांगलादेशच्या गटाला विचारा : शब्द सोडून पैसा घ्याल?