डिपॉझिट परत मागणारा ईमेल

घर सोडलं, किल्ल्या दिल्या, आणि घरमालक म्हणाले, "रंगाचे पंधरा हजार कापून उरलेले बघू." पुण्यातल्या भाडेकरूंना हे वाक्य नवं नाही. अशा वेळी फोनवर वाद घालण्यापेक्षा एक नेमका ईमेल लिहावा, कारण पुढे वाद वाढलाच तर लेखी राहिलेलंच कामाला येतं.

समजा, 1 जुलै 2024 ते 31 मे 2025 असा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार होता आणि डिपॉझिट 66,000 रुपये. लिहायला बसण्याआधी करार उघडून दोन कलमं वाचावीत: डिपॉझिट कधी परत करायचं आणि कशाकशासाठी कापता येतं. रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं असेल, तर तो मुद्दा तिथेच संपला. पण "सामान्य वापराने होणारी झीज वगळून" असे शब्द असतील, तर फिका पडलेला रंग किंवा कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक यासाठी पैसे कापणं मला रास्त वाटत नाही. बेसिनला गेलेला तडा मात्र नुकसानच. ते आपण होऊन कबूल करावं. त्याने बाकीच्या म्हणण्यालाही वजन येतं.

मग ईमेल असा होईल:

"काका, नमस्कार. करार संपल्यावर 31 मे रोजी सायंकाळी फ्लॅट रिकामा करून तिन्ही किल्ल्या तुमच्या हाती दिल्या. त्या दिवशीचे प्रत्येक खोलीचे फोटो सोबत जोडले आहेत. पंखे, गीझर आणि नळ चालू स्थितीत आहेत. बेसिनला तडा गेला आहे. तो बदलण्याचे 2,300 रुपये आणि शेवटच्या वीजबिलाचे 1,140 रुपये कापून घ्यावेत. रंग वापराने फिका झाला आहे. करारात सामान्य झीज वगळली असल्याने त्याची कपात मला मान्य नाही. उरलेले 62,560 रुपये 20 जूनपर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत. आणखी काही कपात करायची असेल, तर त्याच तारखेपर्यंत बिलासह कळवावे."

हा ईमेल 4 जूनला गेला, तर मालकांना सोळा दिवस मिळतात. बेसिनचं बिल आणायला आणि पैशांची सोय करायला तेवढे पुरेत. किल्ल्या घेतानाच डिपॉझिट द्यायचं, असं करारात असेल, तर ही मुदत म्हणजे सवलत आहे, हेही एका ओळीत लिहावं. "लवकरात लवकर द्या" असं मात्र लिहू नये, कारण त्यात उशीर नेमका कधी सुरू झाला ते कधीच ठरत नाही.

खरी अडचण फोटोंची असते. ते घर सोडतानाच काढले जातात. आत येतानाचे बहुतेकांकडे नसतात. मग तडा आधीचा की नंतरचा, हे सिद्ध करता येत नाही. म्हणून सामान लावण्याआधीच भिंती, बेसिन आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना ईमेलने पाठवून ठेवावेत.