हातचा न धरता करायची बेरीज

काडेपेटीतल्या काड्यांचे तीन ढीग मांडायचे : एकात ३, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ५. दोघांनी आळीपाळीने खेळायचं. आपल्या पाळीला कोणत्याही एकाच ढिगातून हव्या तितक्या काड्या उचलायच्या, अख्खा ढीगही चालेल. पण निदान एक तरी उचललीच पाहिजे. शेवटची काडी ज्याच्या हाती, तो जिंकला. या खेळाला ‘निम’ म्हणतात. हे नाव त्याला चार्ल्स बाउटन या हार्वर्ड विद्यापीठातल्या गणितज्ञाने दिलं आणि १९०१ साली एका छोट्या शोधनिबंधात त्याने या खेळाचा संपूर्ण उलगडा केला. ढीग कितीही असोत, काड्या कितीही असोत, कोण जिंकणार हे पहिली काडी उचलण्याआधीच सांगता येतं आणि नेमकी कोणती चाल खेळायची तेही.

पुढचे डाव मनातल्या मनात खेळून पाहावे लागतील, असं इथे प्रथम वाटतं. बाउटनच्या रीतीत त्याची गरजच पडत नाही. समोरचे ढीग पाहायचे, एक बेरीज करायची आणि चाल ठरवायची. आधीच्या चाली कशाही झालेल्या असोत.

या बेरजेसाठी प्रत्येक संख्या द्विमान पद्धतीत लिहावी लागते, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत. तराजूची वजनं १, २, ४, ८ अशी दुपटीची असतील आणि प्रत्येक वजन एकच असेल, तर ५ किलो तोलायला ४ आणि १ ही वजनं लागतात, ३ किलोला २ आणि १. जे वजन वापरलं त्याच्या जागी १, जे नाही वापरलं तिथे ०. म्हणून ५ म्हणजे १०१ आणि ३ म्हणजे ०११. आता आपले तीन ढीग एकाखाली एक लिहू. डावीकडचा रकाना चारांचा, मधला दोनांचा, उजवीकडचा एकांचा.

```
३ = ० १ १
४ = १ ० ०
५ = १ ० १
```

प्रत्येक रकान्यात १ किती वेळा आला, तेवढंच मोजायचं. चारांच्या रकान्यात दोनदा, दोनांच्या रकान्यात एकदा, एकांच्या रकान्यात दोनदा. संख्या सम आली तर त्या रकान्याखाली ०, विषम आली तर १. हातचा धरायचा नाही. शेजारच्या रकान्याशी काही देणंघेणं नाही. नवशिके इथेच चुकतात, कारण शाळेतल्या बेरजेची सवय हातचा पुढे न्यायला भाग पाडते. इथे उत्तर ०१० येतं. सगळे रकाने सम असतील तर मांडणी समतोल म्हणू. ही मांडणी समतोल नाही, मधला रकाना विषम आहे.

जिंकायचं सूत्र एकच : प्रत्येक वेळी समोरच्याला समतोल मांडणी द्यायची. इथे मधल्या रकान्यात १ असलेला ढीग एकच, ३ चा. त्यातला मधला १ काढला की ०११ चं ००१ होतं. म्हणजे ३ च्या ढिगातून दोन काड्या उचलायच्या आणि १, ४, ५ ठेवायचे. या सुरुवातीला जिंकणारी पहिली चाल एवढीच आहे, दुसरी नाही. पुष्कळ जण मात्र ५ मधून एक काडी उचलून ४ आणि ४ असे सारखे ढीग करतात. समोरचा मग ३ चा ढीग पूर्ण उचलतो आणि पुढे नुसती नक्कल करत जिंकतो : एकातून जेवढ्या काड्या जातील तेवढ्याच दुसऱ्यातून.

आता १, ४, ५ वर समोरच्याने ५ मधून ३ काड्या उचलल्या असं धरू. उरले १, ४, २.

```
१ = ० ० १
४ = १ ० ०
२ = ० १ ०
```

आता तिन्ही रकाने विषम आहेत. अशा वेळी सगळ्यांत डावीकडचा विषम रकाना पाहायचा आणि त्यात १ असलेला ढीग निवडायचा. इथे तो ४ चा. त्याचे तिन्ही अंक उलटवले की १०० चं ०११ होतं, म्हणजे ४ चे ३. एकच काडी उचलायची! डावीकडूनच सुरुवात का, हे इथे दिसतं. चाराचं वजन काढून त्याजागी दोन आणि एक ही दोन्ही वजनं ठेवली, तरी ढीग लहानच होतो. उजवीकडचा रकाना पाहून भलताच ढीग धरला, तर हिशेब जुळवायला काड्या उचलण्याऐवजी ठेवाव्या लागतील आणि ते नियमात बसत नाही.

उरले १, ३, २. समोरच्याने २ चा ढीग संपवला तर १ आणि ३ राहतात. ३ मधून दोन उचलून १ आणि १ करायचं. तो एक उचलतो, शेवटची काडी आपली.

हे कधीच का चुकत नाही, याचं कारण बाउटनने दोन टप्प्यांत दिलं. समतोल मांडणीत कोणीही काहीही उचललं तरी एकच ढीग बदलतो. त्याचा निदान एक अंक पालटतो आणि त्या रकान्यातली सम संख्या विषम होते. म्हणजे समतोल मांडणीतून समतोल मांडणी देताच येत नाही. उलट मांडणी विषम असेल, तर वरच्या रीतीने ती समतोल करणारी चाल नेहमी सापडतेच. शेवटी सगळे ढीग रिकामे होतात, ती मांडणीही समतोलच. आणि ती समोर ठेवणारा जिंकलेला असतो.

नशिबाने समतोल मांडणी आपल्याच समोर आली तर? समोरच्याला रीत माहीत असेल तर डाव गेला. माहीत नसेल तर एखादीच काडी उचलून खेळ लांबवावा. मांडणी जितकी गुंतागुंतीची राहील तितकी त्याची चूक होण्याची शक्यता जास्त. अशा मांडण्या तशा थोड्याच असतात. प्रत्येकी १ ते ७ काड्यांचे तीन ढीग ३४३ प्रकारे मांडता येतात, त्यांतल्या समतोल फक्त ४२.

नुसतं सम-विषम पाहायचं असल्यामुळे हे काम यंत्राला सहज जमतं. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात १९४० साली वेस्टिंगहाउस कंपनीचं ‘निमॅट्रॉन’ लोकांशी निम खेळलं. फेरँटी या ब्रिटिश कंपनीने १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी ‘निमरॉड’ हा संगणक खास याच खेळाकरता बांधला.

शेवटची काडी उचलणारा हरतो, असाही एक प्रकार खेळला जातो. त्यासाठी नवी रीत शिकावी लागत नाही. एकापेक्षा जास्त काड्यांचा एकच ढीग उरेपर्यंत अगदी वरच्यासारखं खेळायचं. मग तो ढीग असा कापायचा की एकेका काडीचे ढीग विषम संख्येने उरतील. वरच्या डावात १ आणि ३ उरले तेव्हा दोन काड्या न उचलता तिन्ही उचलायच्या. उरलेली एकुलती काडी समोरच्याला घ्यावीच लागते. अलाँ रेने यांच्या १९६१ च्या ‘लास्ट इयर ॲट मारिएनबाद’ या फ्रेंच चित्रपटात १, ३, ५, ७ अशा चार ओळींचा हाच उलटा निम खेळला जातो. या मांडणीत एकांच्या रकान्यात चार, दोनांच्या रकान्यात दोन आणि चारांच्या रकान्यातही दोन वेळा १ येतो. सगळंच सम. म्हणून ही मांडणी समोर आली की नियम कोणताही असो, पहिली चाल आग्रहाने समोरच्याला द्यावी.